शुभेच्छांमधील माणसांचे इमोजी : या चुका टाळा

एका पतसंस्थेच्या सभासदांना आणि त्यांच्या मुलाबाळांना वाढदिवसाचे, निकालाचे, निवृत्तीचे संदेश पाठवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. संदेशाचा मजकूर सगळेच काळजीपूर्वक लिहितात आणि नावातील ऱ्हस्व-दीर्घही तपासतात, पण शेवटी जोडलेल्या इमोजीकडे सहसा कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. ‘उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ या वाक्यात समोरची व्यक्ती मुलगा आहे की मुलगी हे कोठेही आलेले नाही. त्याच्यापुढे 👨‍🎓 आला की मात्र ते ठरवले जाते, आणि पुष्कळदा ते आपल्याला ठाऊक नसताना ठरवले जाते.

अलीकडे वापरलेल्या रांगेतला पहिला इमोजी उचलणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच, आणि ती माझ्या हातूनही झाली आहे. बारावीचा निकाल लागला होता. सभासदांच्या उत्तीर्ण पाल्यांची यादी एक्सेलमध्ये होती. तिच्यात नाव, गुण आणि पालकांचा फोन एवढेच रकाने होते. आदल्या दिवशी एका पुतण्याला पाठवलेला 👨‍🎓 कीबोर्डवर अगदी पुढे होता, तोच मी नमुना संदेशात टाकला आणि संदेश सगळ्या यादीला गेला. यादीतल्या निम्म्याहून अधिक मुली होत्या. बहुतेक घरांतून ‘धन्यवाद’ एवढेच उत्तर आले, कारण अशा वेळी लोक बोलून दाखवत नाहीत.

संध्याकाळी एका सभासदाचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आमची किरण मुलगी आहे.” मागून तिचाच आवाज आला, “काका, शाळेपासून मला ‘कुमार किरण’ म्हणूनच पत्रे येतात.” त्या वाक्यात तक्रारीपेक्षा सवय अधिक होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

त्यानंतर मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. घाईघाईने यादीत ‘किरण’ हे नाव शोधून त्याच्यापुढे 👩‍🎓 टाकले आणि दुरुस्तीचा संदेश पाठवला. यादीत किरण दोन होते. दुसरा किरण मुलगा होता, आणि त्याला आधी गेलेला बरोबर संदेश मी चुकीच्या संदेशाने बदलला. किरण, सुमन, कांचन, मंगल, शशी, कमल, गुलाब ही नावे आपल्याकडे स्त्रियांची असतात आणि पुरुषांचीही असतात. नावावरून लिंग ओळखण्याचा आडमार्ग ज्यांना सोपा वाटतो, त्यांनी आपल्याच गावाची मतदार यादी एकदा नीट वाचावी.

उत्तर अगदी जवळ होते : 🧑‍🎓. पदवीची टोपी तीच, पण माणूस पुरुष किंवा स्त्री म्हणून न नेमलेला. व्यवसाय दाखवणारे असे तटस्थ इमोजी २०१९ च्या शेवटी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि इमोजीला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणकाच्या, यादीत आले. त्यात 🧑‍🏫 शिक्षक, 🧑‍⚕️ आरोग्यसेवक, 🧑‍🌾 शेतकरी, 🧑‍🍳 स्वयंपाकी, 🧑‍💻 संगणकावर काम करणारी व्यक्ती असे बरेच आहेत. कीबोर्डवर हवा असलेला इमोजी बोटाने दाबून धरला की अनेक फोनवर तिन्ही रूपे समोर येतात. काही कीबोर्डवर ती शेजारी शेजारीच असतात. मी स्वतः रांगेतून काहीही उचलत नाही. शोधाच्या चौकटीत `student` टाइप करतो आणि तिन्ही रूपे समोर आल्यावरच निवडतो.

चित्र पाहून इमोजी ओळखणे

सहा इंची पडद्यावर 🧑‍🎓 आणि 👨‍🎓 यांतला फरक डोळ्यांना सहज कळत नाही, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांना. म्हणून हा इमोजी बनतो कसा, ते एकदा समजून घ्यावे. दिसायला ते एक चित्र असले तरी आत तीन तुकडे असतात : एक माणूस, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग टोपी. लिंग ठरते ते पहिल्या तुकड्यावर.

```
🧑‍🎓  U+1F9D1 U+200D U+1F393
👨‍🎓  U+1F468 U+200D U+1F393
👩‍🎓  U+1F469 U+200D U+1F393
```

आता माझ्या एक्सेलमध्ये इमोजी चिकटवलेला नसतो, तो सूत्राने बनतो. त्यामुळे कोणाच्या ‘अलीकडे वापरलेल्या’ रांगेचा त्याच्याशी संबंध उरत नाही. खालच्या दोन ओळींपैकी पहिली तटस्थ विद्यार्थी तयार करते. दुसरी `A2` मध्ये आधीच असलेला इमोजी तपासते.

```
=UNICHAR(129489)&UNICHAR(8205)&UNICHAR(127891)
=UNICODE(A2)
```

वरचेच क्रमांक सूत्रात दशमान पद्धतीने येतात. दुसऱ्या सूत्राचे उत्तर 129489 आले तर इमोजी तटस्थ आहे, 128104 आले तर पुरुष आणि 128105 आले तर स्त्री. यासाठी त्या चौकटीत इमोजीच सर्वांत आधी असायला हवा, कारण हे सूत्र फक्त पहिला तुकडा वाचते.

ही तपासणी सगळ्यांना लागू पडत नाही. हात वर केलेली व्यक्ती 🙋, वाकून नमस्कार करणारी 🙇, पोलीस 👮 यांची बांधणी उलटी असते. त्यांत मूळ माणूस तटस्थ असतो आणि स्त्रीचे ♀ किंवा पुरुषाचे ♂ चिन्ह शेपटीला जोडलेले असते. म्हणजे 🙋, 🙋‍♀️ आणि 🙋‍♂️ या तिघांचा पहिला तुकडा एकच असतो आणि सूत्र तिघांनाही एकच आकडा देते. येथे शेपूट नसलेला इमोजीच निवडायचा, आणि तो दाबून धरून निवडणे हाच माझा उपाय आहे.

माझ्या फोनवर दिसते तेच समोरच्याला दिसते, असे धरून चालणे

जोडचिन्हाचा अर्थ न कळणाऱ्या जुन्या फोनवर 🧑‍🎓 हा एक इमोजी फुटून 🧑 आणि 🎓 असे दोन दिसतात. यात नुकसान नाही. अर्थ पोहोचतो आणि तटस्थपणाही टिकतो. 🙋‍♂️ फुटला तर हाताशेजारी ♂ हे चिन्ह सुटे उभे राहते आणि ते उगाच डोळ्यात भरते. खरी अडचण आणखी एक आहे. २०१९ पूर्वीच्या बऱ्याच फोनवर शेपूट नसलेला 🙋 स्त्रीसारखा आणि 👮 पुरुषासारखा काढलेला असे. आपण पाठवला तटस्थ आणि समोर उमटली बाई, हे त्यामुळे घडते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप स्वतःची चित्रे वापरते, आयफोनवर फोनची वापरते. म्हणून एकच संदेश दोन फोनवर वेगळा दिसू शकतो. आमच्या सभासदांत जुने फोन वापरणारे ज्येष्ठ बरेच आहेत. त्यांच्या गटात मी 🙋 टाळतो आणि 🙏, 👏, 🤝 किंवा 💐 वापरतो. हातांना आणि फुलांना हा प्रश्नच येत नाही.

इमोजी तटस्थ, पण वाक्य नाही

ही चूक मराठीसारख्या, क्रियापदातून लिंग दाखवणाऱ्या भाषांतली आहे आणि तिच्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. 🧑‍🎓 काळजीपूर्वक निवडायचा आणि त्याच्या आधी ‘तू उत्तम गुणांनी पास झालास’ लिहायचे, तर इमोजीवरचे कष्ट वाया जातात. मराठीत यातून वाट काढणे कठीण नाही. ‘पास झाल्याबद्दल’ चालते. ‘आपण उत्तीर्ण झालात’ दोघांनाही चालते. एकेरीत लिहायचे असेल तर ‘तू मोठे यश मिळवलेस’ असे लिहावे, कारण येथे क्रियापद यशाप्रमाणे चालते, व्यक्तीप्रमाणे नाही. ‘कुमार’, ‘चि.’, ‘श्रीमती’ या उपाध्या यादीत नसतील तर स्वतःच्या मनाने लावू नयेत. नावापुढे काहीच नसले तरी संदेश उद्धट होत नाही.

भाषेचा एक आधार मात्र मला फार आवडतो. नव्या जन्माच्या अभिनंदनात आपण ‘बाळ’ म्हणतो आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. त्याच्याशेजारी 👶 अगदी शोभतो, कारण तोही तटस्थ आहे. मग लोक 👦 किंवा 👧 का शोधत बसतात, ते मला समजत नाही. थोड्या मोठ्या मुलासाठी 🧒 आहे.

लहान चुका, थोडक्यात

पंचाहत्तरीच्या शुभेच्छांत 👴 किंवा 👵 लावण्याआधी 🧓 पाहावा. तो २०१७ पासून उपलब्ध आहे.

गृहप्रवेशाला 👨‍👩‍👦 पाठवणे म्हणजे त्या घरात कोण राहते हे आपणच सांगणे. 🏡 पुरेसा आहे.

शिक्षक दिनाला शाळेच्या गटावर 👩‍🏫👨‍🏫 अशी जोडी टाकण्यापेक्षा एकच 🧑‍🏫 बरा.

त्वचेचा रंग निवडू नये, पिवळाच ठेवावा; आधी कधी तरी निवडलेला रंग कीबोर्ड लक्षात ठेवतो, हेही ध्यानात असावे.

नाचणाऱ्या 💃 आणि 🕺 यांचे तटस्थ रूप नाही. 💃 स्त्री आहे आणि 🕺 पुरुष आहे. संगीताच्या कार्यक्रमाला मी 🎶 किंवा 🪘 पाठवतो.

समोरच्याने सांगितले असतानाही तटस्थच पाठवणे

नव्याने शिकलेले उत्साही लोक येथे चुकतात. एक परिचारिका आपल्या प्रत्येक संदेशाखाली 👩‍⚕️ लावतात. त्यांना १२ मे या परिचारिका दिनी मी 👩‍⚕️ च पाठवतो, कारण ते त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. तटस्थ इमोजी ठाऊक नसतानाचा आहे. ठाऊक असताना तो लादला तर त्यांची ओळख आपण पुसतो. याच कारणाने, एखादी व्यक्ती तृतीयपंथी असल्याचे केवळ कानावर आले म्हणून तिच्या वाढदिवसाला गटावर 🏳️‍⚧️ पाठवणे अगदी चूक आहे. ती गोष्ट चारचौघांत सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. ती स्वतः जे चिन्ह वापरते ते पाहावे, आणि काहीच वापरत नसेल तर 🎂 पाठवावा.

आमच्या यादीत आता आणखी एक रकाना आहे. सभासदाने किंवा पाल्याने स्वतः कळवलेला इमोजी तेथे जसाच्या तसा ठेवला जातो, आणि रकाना रिकामा असेल तर सूत्र 🧑‍🎓 टाकते. किरणच्या रांगेत तिने स्वतः पाठवलेला 👩‍🔬 आहे. ती सध्या रसायनशास्त्र शिकते.