घरच्या उपचाराचा नाकारलेला दावा कसा मंजूर झाला

अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावी माझ्या वडिलांच्या फुप्फुसांत पाणी साचले, त्यांना आडवे झोपवले की श्वास कोंडायचा आणि रक्तदाबही खाली येत होता. म्हणून डॉक्टरांनी त्यांना न हलवता घरीच ऑक्सिजन व सलाईन लावून 9 दिवस उपचार केले. विमा कंपनीने दावा मात्र नाकारला, कारण प्रमाणपत्रात एवढेच लिहिले होते की ‘रुग्णावर घरी उपचार केले’.

या वाक्यातून घरी राहणे ही सोय होती की नाइलाज, हे कळत नाही. पॉलिसीच्या अटीनुसार हा आजार एरवी रुग्णालयात दाखल करण्याजोगा असावा लागतो आणि रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसावा लागतो किंवा रुग्णालयात जागा मिळालेली नसावी लागते. शिवाय उपचार 3 दिवसांहून अधिक चालावे लागतात आणि दमा, ब्राँकायटिस यांसारखे काही आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, म्हणून अर्जाआधी ती यादी वाचलीच पाहिजे.

मी डॉक्टरांकडून नवे प्रमाणपत्र घेतले. त्यात निदान, उपचारांच्या तारखा, रोजच्या रक्तदाबाच्या व ऑक्सिजनच्या नोंदी आणि न हलवण्याचे कारण आले. अर्जात मी लिहिले: ‘रुग्णास दाखल करणे आवश्यक होते, परंतु प्रवासात जिवास धोका असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार उपचार घरी घेतले.’

बिलांनी मला सर्वाधिक त्रास दिला. औषधांच्या प्रत्येक बिलाला त्याच तारखेची चिठ्ठी जोडावी लागली, आणि सिलिंडरच्या भाड्याची साधी कच्ची पावती चालली नाही, ती रुग्णाच्या नावाने पुन्हा करून घ्यावी लागली. पुनर्विचारासाठी पाठवलेला दावा त्यानंतर मंजूर झाला.