घावण्याचा तवा वर्षाला कितीला पडतो: नॉनस्टिक, स्टील की बीड?

किंमत भागिले वर्षं, एवढंच गणित आहे. किंमत पावतीवर मिळते. उदाहरणापुरती धरू: नॉनस्टिक तवा 900, जाड बुडाचा स्टीलचा 2000, बिडाचा 1500 रुपये.

खरी अडचण वर्षं मोजण्यात आहे. माझंही गणित बरेच दिवस इथेच अडायचं. दुकानदार सांगेल ते आयुष्य धरू नका, आणि तवा भंगारात गेला तो दिवसही धरू नका. घावणं पहिल्यांदा चिकटून फाटलं, त्या दिवशी तव्याचं त्या कामापुरतं आयुष्य संपलं.

नॉनस्टिकचा तो दिवस लवकर येतो. घावण्याला तवा कडक तापलेला लागतो, म्हणून लोक तो मोठ्या आचेवर रिकामाच ठेवून देतात. साधारण 260 अंशांपुढे त्याचा थर बिघडायला लागतो. त्यात लोखंडी उलथणं फिरलं की संपलंच. थर घरी पुन्हा चढवता येत नाही. रोजच्या वापरात दोन वर्षं धरा: वर्षाला 450 रुपये.

बीड पंधरा वर्षं सहज चालतं, म्हणजे वर्षाला 100. तेल आणि गॅसचे वरचे 50 धरा. पण हा आकडा पावसाळा सांभाळणाऱ्यांसाठीच आहे. आपल्याकडे कोकणात हवेतच खार असतो. धुऊन पालथा घातलेला तवा आषाढात सकाळपर्यंत तांबूस होतो. फडक्याने पुसून भागत नाही. धुतल्यावर मंद आचेवर पाणी पूर्ण आटू द्या, गरम असतानाच दोन थेंब तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसा की तवा तेलकट दिसता कामा नये. "भरपूर तेल लावून ठेवा" हा सल्ला मुळीच ऐकू नका. ते तेल चिकट होतं, त्याला खवट वास येतो आणि पुढचं घावणं तिथेच धरतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. गंज आलाच तर घासून काढा, वाळवा, तेलाचा पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवा आणि निवू द्या. असं तीन-चारदा करा. तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीच ओतू नका. बीड तडकतं, आणि तडकलेला तवा दुरुस्त होत नाही.

हे होणार नसेल तर बीड घेऊ नका. दुसऱ्या पावसाळ्यात गंजून माळ्यावर गेलेला तवा वर्षाला 750 रुपयांना पडतो, नॉनस्टिकपेक्षाही महाग.

स्टील वीस वर्षं टिकतं, वर्षाला 100 रुपये. घावण्याला मात्र ते घेऊ नका, पीठ धरतं. ते पैसे स्टीलच्या टोपात घाला आणि कोकमाचं माशाचं कालवण त्यात करा. बिडात आंबट शिजवलं की तेलाचा मुरलेला थर निघतो आणि कालवणाला लोखंडाची चव येते.

घावणे गणपती-शिमग्यालाच होत असतील तर नॉनस्टिक जास्त वर्षं पुरेल. तेव्हा 900 ला तुमच्या घरातल्या वर्षांनी भागा.