प्रोफाइलवर 'ऐकू कमी येतं' हे लिहायचं का?

मी दोन्ही कानांना मशीन लावतो. यूडीआयडी कार्डावर ५२ टक्के आहे. आज कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सचं काम करतो, पण त्याआधीचं दीड वर्ष आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

आधी मी लपवलं. प्लेसमेंटचे सर म्हणाले होते, "कुठं बोलू नको." पहिलीच मुलाखत फोनवर झाली. साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झएवढाच आवाज जातो, त्यामुळं स, श, फ ही अक्षरं माझ्यासाठी जवळजवळ गायबच होतात, आणि ओठही दिसत नाहीत. समोरच्या मॅडमनी जीएसटीबद्दल काहीतरी विचारलं, मी टीडीएसचं उत्तर दिलं. त्यांना वाटलं, याला विषयच येत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो, आणि खरा फसलो तो इथं. प्रोफाइलच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं, '५२ टक्के श्रवणदोष'. वाचणाऱ्यानं हिशोब केला की याचं काम ४८ टक्केच होणार. एकानं तर तसं विचारलंही. ती टक्केवारी ऑडिओग्रामवरून काढतात, ती कानाची आहे, कामाची नाही. मशीन लावून समोरासमोर मी किती समजून घेतो, हे तिच्यात येतच नाही. शिवाय कार्डाचा फोटोही टाकला होता, जन्मतारखेसकट. हे कधीही करू नका. कार्ड एचआरला द्यायचं, तेही मागितल्यावर.

आता प्रोफाइलवर फक्त टॅली, जीएसटी रिटर्न, बँक मिळवणी एवढंच आहे. मुलाखतीचा निरोप आला की मेलला उत्तर देतो: 'मी श्रवणयंत्र वापरतो. फोनऐवजी व्हिडिओ कॉल ठेवलात तर प्रश्न नीट कळतील. कॉलची लिंक पाठवाल का?' आजाराचं नाव नाही, टक्के नाहीत, माफी तर नाहीच. काय हवंय तेवढंच. आत्ताची नोकरी याच मेलवर लागली. साहेबांनी कॅमेरा चालू ठेवला आणि इनपुट क्रेडिट जुळत नसेल तर काय कराल, ते विचारलं. या वेळी मला प्रश्न ऐकू आला.

काही जण तरीही उत्तर देत नाहीत. मलाही दोघांनी दिलं नाही. वाईट वाटतं, पण तुमचं चुकलेलं नसतं. 'तुमची संघर्षकथा प्रोफाइलवर मांडा' म्हणणाऱ्या सेमिनारवाल्यांचं मात्र ऐकू नका. मधुमेहासारखं, त्या कामात आड न येणारं काही असेल तर प्रोफाइलवर लिहायची गरजच नाही.

सरकारी भरतीचा अर्ज हा वेगळा विषय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४ टक्के आरक्षण हवं असेल, तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि दावा अर्जातच करावा लागतो. तिथं संकोच करून रकाना रिकामा सोडलात, तर नंतर मिरजेच्या सिव्हिलचा कागद दाखवून उपयोग होत नाही. माझी एक संधी अशीच गेली.