सोळाव्या वर्षी चेहऱ्याला काय लावायचं: धाकट्या बहिणीला एक सविस्तर निरोप

तू पाठवलेल्या यादीत अकरा वस्तू आहेत: फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, नायसिनामाइड, रेटिनॉल, लाल रंगाचं पील, शीट मास्क, आय क्रीम, नाकावरच्या पट्ट्या, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. यातल्या तीनच घे. पहिली आणि शेवटच्या दोन. मधल्या आठ का नकोत तेही सांगते, पण आधी या तीन कशा वापरायच्या ते नीट वाच, कारण योग्य वस्तू चुकीच्या पद्धतीने लावल्याने होणारा घोळ जास्त दिसतो.

फेसवॉश

तुझ्या वयात हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलग्रंथी मोठ्या होतात, म्हणून दुपारपर्यंत कपाळ आणि नाक चमकायला लागतं. हे तेल आतून येतं. कितीही वेळा चेहरा धुतलास तरी ग्रंथींचं काम थांबत नाही. धुण्याचा उद्देश वर साचलेलं तेल, घाम, धूळ आणि सनस्क्रीन काढणं एवढाच. त्यासाठी सकाळी एकदा आणि रात्री एकदा, शिवाय खेळून घामाघूम झालीस तर आणखी एकदा, एवढं पुरतं.

फेसवॉश सौम्य आणि शक्यतो बिनसुगंधी घे. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणवडीचा 9 ते 10. त्यामुळे साबणाने तेलाबरोबर त्वचेचा वरचा संरक्षक थरही विस्कटतो. कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा ओला कर, वाटाण्याएवढा फेसवॉश तळहातावर फेसाळून घे आणि बोटांनी अर्धा मिनिट फिरव. केसांच्या कडेला आणि हनुवटीखाली फेस राहून जातो, तिथे नीट धू. मग टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपून घे, घासू नकोस.

फेसवॉश बरोबर आहे की नाही हे पाच मिनिटांत कळतं. धुतल्यावर बोट फिरवलं की भांडं घासल्यासारखा करकर आवाज येत असेल, हसताना गाल ओढल्यासारखे वाटत असतील, तर तो तुझ्यासाठी कडक आहे. बऱ्याच जणींना हीच करकर स्वच्छतेची खूण वाटते. प्रत्यक्षात ती त्वचा कोरडी पडल्याची खूण आहे.

मॉइश्चरायझर

तेलकट चेहऱ्यालाही हे लागतं. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मॉइश्चरायझर त्वचेतलं पाणी धरून ठेवतं. घटकांत ग्लिसरिन किंवा सेरामाइड शोध. चेहरा तेलकट असेल तर जेल किंवा पातळ लोशन, कोरडा असेल तर क्रीम. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असलं तर बरं. त्याचा अर्थ छिद्रं बुजू नयेत अशा बेताने ते बनवलं आहे. तरी प्रत्येकीला ते मानवेलच याची हमी त्यात नसते.

चेहरा टिपल्यावर तो किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लाव. दोन वाटाण्यांएवढं पुरे. पाच ठिकाणी ठिपके ठेवून पसरव. दहा मिनिटांनी हाताला चिकटत असेल तर प्रमाण जास्त झालं.

सनस्क्रीन

तिन्हींमध्ये सर्वांत जास्त फरक याने पडतो. पुटकुळी बसल्यावर मागे उरणारा तपकिरी डाग तुला पुटकुळीपेक्षा जास्त त्रास देतो ना? तो डाग आपोआप फिका होत असतो, पण त्याला महिने लागतात आणि उन्हाने तो पुन्हा गडद होतो. सनस्क्रीनशिवाय डागांवरचं कुठलंही सीरम लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

एसपीएफ 30 किंवा 50 चं आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे उन्हातले यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन्ही किरण अडवणारं, लिहिलेलं घे. एसपीएफ 30 नीट लावलं तर त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे 97 टक्के अडतात, 50 ने सुमारे 98. म्हणून आकड्यामागे धावू नकोस, प्रमाणाकडे लक्ष दे. वेष्टनावरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो. आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही, आणि मग संरक्षणही निम्मं किंवा त्याहून कमी मिळतं. सोपं माप असं: तर्जनी आणि मधल्या बोटावर, तळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढ. या दोन रेघा चेहरा, मान आणि कानांसाठी. एकदम लावलं की पांढरं दिसतं, म्हणून आधी एक रेघ पसरव आणि ती मुरली की दुसरी.

मॉइश्चरायझरनंतर पाच मिनिटं थांब, आणि बाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी सनस्क्रीन लावून झालेलं असू दे. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघत असतील तर बहुतेक वेळा खालचा थर ओला राहिलेला असतो, किंवा तू चोळत असतेस. कमी मॉइश्चरायझर घे आणि सनस्क्रीन थापटून बसव. डोळे चुरचुरत असतील तर पापण्यांच्या अगदी कडेला नेऊ नकोस. बाहेर मैदानात असशील तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लाव. घरात खिडकीपासून लांब बसून अभ्यास करत असशील तर सकाळचं एकदाचं चालेल. खिडकीला लागून बसत असशील तर मात्र काच यूव्हीए किरण पूर्ण अडवत नाही, हे लक्षात ठेव.

रात्री हे सनस्क्रीन फेसवॉशने निघायला हवं. पाण्याने सहज न निघणारं म्हणजे 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर दोनदा धू.

आता यादीतल्या आठ वस्तू

यातलं रेटिनॉल आणि लाल पील या दोन वस्तू खरंच नुकसान करू शकतात, म्हणून त्यांच्याबद्दल आधी. रेटिनॉल सुरकुत्यांसाठी विकलं जातं. तुझ्या त्वचेत कोलॅजेन भरपूर आहे, दुरुस्त करायला सुरकुतीच नाही. त्यामुळे फायदा शून्याजवळ, आणि कोरडेपणा, सालं निघणं, लाली हे त्रास मात्र पूर्ण. मुरमांसाठी याच कुळातलं औषध डॉक्टर देतात, ते खरं, पण ते मात्रा ठरवून आणि नजरेखाली देतात. लाल पीलमध्ये साधारणपणे 30 टक्के एएचए गटातली, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणारी ॲसिडं आणि 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं, आणि ते दहा मिनिटांत धुवायचं असतं. रीलमध्ये ते 'ग्लो' म्हणून दाखवतात, पण अशा तीव्रतेचं ॲसिड आधीच चिडलेल्या त्वचेवर पडलं की भाजतं, आणि सावळ्या त्वचेवर भाजल्याचे काळपट डाग महिनोन्‌महिने राहतात.

व्हिटॅमिन सी वाईट नाही, पण त्याचा एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हा प्रकार पीएच 3.5 च्या खाली ठेवावा लागतो, त्यामुळे चुरचुरतो, आणि हवा-उजेड लागून नारिंगी-तपकिरी झाला की निकामी होतो. नायसिनामाइड निरुपद्रवी आहे, आणि कित्येक मॉइश्चरायझरमध्ये आधीच असतं. घटकांची यादी वाच, वेगळी बाटली कशाला? टोनर, आय क्रीम आणि शीट मास्क यांतून मॉइश्चरायझरपेक्षा वेगळं फारसं काही मिळत नाही. नाकावरच्या पट्ट्या ज्याला ब्लॅकहेड म्हणून ओढून काढतात ते बहुतेक वेळा छिद्रांत नेहमीच असणारं तेल असतं, आणि काही आठवड्यांत ते पुन्हा भरतं.

यादीत नाही, पण कुणी दिलंच तर एक वस्तू मुळीच लावू नकोस: घटकांची यादी नसलेलं, तीन-चार दिवसांत गोरं करणारं क्रीम. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटून उठतो. कुणी बरेच दिवस लावत असेल तर तिने स्वतःहून एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आधीच बिघडलं असेल तर

समजा एखादीने दोन आठवडे सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल आणि रविवारी पील असं केलं. आता नेहमीचं मॉइश्चरायझर लावलं तरी गाल चरचरतात, नाकाच्या कडा लाल आहेत, कपाळावर बारीक, एकसारखे खडबडीत ठिपके आले आहेत आणि चेहरा चमकतो पण हाताला कोरडा लागतो. हा संरक्षक थर फाटल्याचा प्रकार आहे. तिला वाटतं मुरूम वाढले, म्हणून ती आणखी ॲसिड लावते, आणि चक्र सुरू होतं.

इथे सगळी सीरम बंद करायची. सकाळी नुसतं पाणी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर थोडं जास्त. चरचर सहसा आधी थांबते, लाली नंतर जाते, आणि पूर्ण सावरायला दोन ते चार आठवडे लागतात. मधेच बरं वाटलं म्हणून जुनी बाटली उघडायची नाही.

नवीन काहीही आणलंस, अगदी या तिन्हींपैकी असलं, तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस लावून बघ. खाज, पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर. दोन नवीन वस्तू एकाच आठवड्यात सुरू करू नकोस, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळणार नाही.

मुरूम असतील तर चौथी वस्तू

थोड्या लाल पुटकुळ्या येत असतील तर 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, एक दिवसाआड रात्री, पुटकुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ. जास्त टक्क्यांनी फायदा तितकासा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. हे रंग उडवतं, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाल. निकाल कळायला सहा ते आठ आठवडे दे.

त्वचेखाली दुखऱ्या गाठी होत असतील, बसल्यावर खड्डे पडत असतील किंवा आठ आठवड्यांत फरक नसेल, तर आईला सांग आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हेही डॉक्टरांना न लाजता सांग, कारण मग ते हार्मोन्सची तपासणी करतील आणि उपचार तिथून सुरू होईल.