वर्णनातल्या एका ओळीमुळे व्हिडिओवर मर्यादा? अपील लिहिताना या चुका टाळा

समजा, यूट्यूबवर रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेचा व्हिडिओ आहे. विषय: ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ते कधीच मिसळायचं नाही. वर्णनाची पहिली ओळ मात्र अशी: ‘घरच्या घरी विषारी वायू कसा तयार होतो ते पाहा.’ तपासणीत ही ओळ कृती शिकवणारी वाटली आणि व्हिडिओवर वयाची मर्यादा आली.

यानंतरची नेहमीची चूक म्हणजे रागाच्या भरात लिहिणं. ‘मी कित्येक वर्षं शिकवते, माझं चॅनेल स्वच्छ आहे’ यातून तपासणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. त्याच्यासमोर एक नियम असतो आणि एक व्हिडिओ. म्हणून आधी नोटीस नीट वाचा. वयाची मर्यादा, जाहिरातींवरची मर्यादा आणि व्हिडिओ काढून टाकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींच्या नियमांवर भांडून वयाची मर्यादा उठत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: गुपचूप वर्णन बदलून मग अपील करणं. तपासणारा नवी ओळ वाचतो, तुमचा मजकूर जुन्या ओळीबद्दल बोलतो आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. वर्णन जरूर सुधारा, पण जुनी ओळ आधी जपून ठेवा आणि अपिलात दोन्ही द्या.

तिसरी चूक, ‘हा शैक्षणिक व्हिडिओ आहे’ एवढंच म्हणून थांबणं. असं तर सगळेच म्हणतात. पुरावा व्हिडिओच्या आत असतो, तेव्हा वेळ सांगा. आपल्या शिक्षिकेचा मजकूर असा असू शकतो:

‘वर्णनात “घरच्या घरी विषारी वायू कसा तयार होतो ते पाहा” अशी ओळ होती. ती कृतीसारखी वाचली जाऊ शकते, हे मान्य. व्हिडिओत वायू तयार करून दाखवलेला नाही आणि प्रमाणही सांगितलेलं नाही. ०:२० ला “हे दोन्ही कधीच मिसळू नका” असा इशारा आहे. २:१० पासून चुकून मिसळल्यास लगेच मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला आहे. ओळ आता अशी आहे: “ब्लीच आणि ॲसिड का मिसळू नये.” कृपया पुन्हा तपासावे.’

ओळ संदिग्ध होती हे मान्य केल्याने बाजू कमकुवत होत नाही, उलट गैरसमज नेमका कुठे झाला ते लगेच दिसतं. अपिलाच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे काही गाळायचंच असेल तर वर्णनाच्या ओळी आणि वेळा ठेवा, बाकीचं गाळा. यूट्यूबवर वयाच्या मर्यादेविरुद्ध अपील एकदाच करता येतं, म्हणून घाईत अर्धवट मजकूर पाठवू नका.

एक मात्र आधी तपासा. व्हिडिओतच प्रमाणासकट मिश्रण करून दाखवलं असेल, तर दोष वर्णनाचा नाही. तिथे ओळ कितीही बदलली तरी उपयोग नाही. तो भाग कापावा लागेल. शीर्षक, थंबनेल आणि सबटायटलंही बघून घ्या, कारण तीच ओळ अनेकदा तिथेही उतरलेली असते.