संत्रं चपटं का झालं? भिंतीवर ग्रिड आखताना या चुका टाळा

"सर, संत्रं चपटं का दिसून राहिलं?" नागपुरातल्या एका शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्र काढत होतो, तेव्हा सातवीतल्या पोरानं विचारलं. निम्मं रेखाटन झालं होतं, आणि पोरगं बरोबर बोलत होतं.

आमचं स्केच २४ सेंटीमीटर रुंद, १६ उंच. त्यावर २ सेंटीमीटरचे चौरस, म्हणजे आडवे १२ आणि उभे ८. भिंत १२ फूट रुंद, ७ फूट उंच. मी भिंतीचेही तसेच १२ आणि ८ भाग पाडले. संख्या जुळली, पण प्रत्येक घर १२ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच झालं. कागदावर चार घरं रुंद आणि चार घरं उंच असलेलं गोल संत्रं भिंतीवर ४ फूट रुंद, पण साडेतीन फूटच उंच.

म्हणून आधी दोन भागाकार करा. रुंदी: १४४ इंच भागिले २४, म्हणजे सेंटीमीटरला ६ इंच. उंची: ८४ भागिले १६, म्हणजे सव्वापाच इंच. यातलं लहान प्रमाण दोन्हीकडे वापरायचं. आमचा चौरस साडेदहा इंचांचा ठरला, चित्र साडेदहा फूट रुंद झालं आणि दोन्ही बाजूंना ९-९ इंच सुटले. तिथे पट्टा रंगवला. पूर्ण भिंत भरायचीच असेल, तर स्केचमधली आकाशाची एक ओळ कापा. मग १२ बाय ७ घरं उरतात आणि चौरस बरोबर एक फुटाचा होतो.

दुसरी चूक पट्टी सरकवत मोजण्याची. एक घर मोजलं, तिथून पुढचं, असं करताना दर वेळी पाव इंच चुकला तर बाराव्या घरापर्यंत ३ इंच जातात. टेप एका टोकाला धरून ठेवा आणि साडेदहा, एकवीस, साडेएकतीस अशा खुणा एकाच दमात करा.

फरशीला तळरेघ मानू नका. व्हरांड्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे चित्रही कलतं. मिस्त्रीची पाण्याची नळी मागून आडवी रेघ काढा, उभ्या रेघा ओळंब्यानं. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. आमच्या चौकटीचा कर्ण सुमारे १२ फूट साडेसात इंच यायला हवा. दोन्ही सारखे नसतील तर काटकोन चुकलाय, रंगाचा डबा उघडू नका.

रेघा मारायच्या सुताला गेरू लावायचा मोह होतो, पण तो फिकट पिवळ्यातून वर दिसतो. साधा खडू बरा.

घरांना कागदावर आणि भिंतीवर तीच नावं द्या, अ-१, अ-२ अशी. वाघाचा पट्टा एक घर खाली उतरला, तर शिडीवरून ते कळत नाही. मैदानाच्या पलीकडे जाऊन बघा, किंवा त्या पोराला बोलवा.