चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवताना

खाते क्रमांकाच्या शेवटी ४७१८ ऐवजी ४७८१ टाइप झालं आणि पैसे गेले. आधी स्टेटमेंट बघायचं. तो क्रमांक अस्तित्वातच नसेल किंवा खातं बंद असेल, तर समोरची बँक रक्कम आपोआप परत पाठवते; बहुतेक वेळा यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. खरी अडचण येते ती ४७८१ हे कुणाचं तरी सुरू असलेलं खातं असेल तेव्हा. नाव बरोबर लिहिलं होतं, हा मुद्दा इथे फारसा कामी येत नाही, कारण बऱ्याच व्यवस्थांमध्ये पैसे फक्त क्रमांक बघून जमा होतात.

अशा वेळी त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा. अर्जात तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि चुकीचा व बरोबर असे दोन्ही खाते क्रमांक हवेत. सोबत ज्याला पैसे द्यायचे होते त्याचं बिल किंवा मेसेज जोडा. चूक टायपिंगची होती हे त्यावरूनच दिसतं. बँकेला फोनही केलात, तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नुसतं 'बघतो' म्हणजे नोंद झालीच असं नाही.

आपली बँक समोरच्या बँकेकडे रक्कम परत मागते. ती बँक खातेदाराला विचारते आणि सहसा त्याच्या संमतीशिवाय पैसे काढत नाही. त्याचं नाव-पत्ताही आपल्याला मिळत नाही. त्याने नकार दिला किंवा पैसे खर्च केले, तर बँकेकडून लेखी उत्तर घ्या. पुढे कायदेशीर नोटीस किंवा दावा करायचा झाला, तर तोच कागद लागतो.